दुकानाचा यूपीआय कॅशबॅक आठवडा: कॅप्शन कसं लिहावं, कुणाला द्यावं, किती द्यावं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या छोट्या दुकानदारांसाठी हे पान आहे. स्वतःच्या खिशातून कॅशबॅक देणारं दुकान इथे धरलं आहे. फोनपे, गुगल पे किंवा बँक आपल्या मर्जीने जे स्क्रॅच कार्ड देते त्याचा यात संबंध नाही. उदाहरण म्हणून वडगावातलं एक मध्यम किराणा दुकान डोळ्यांसमोर ठेवलं आहे, जिथे रोजची बिलं साधारण दोनशे ते दीड हजारांची होतात.

तयार कॅप्शन आधी दाखवा, मग बाकीचं वाचतो.

हे घ्या. स्टेटसला, ग्रुपवर आणि काउंटरवरच्या कागदावर हेच शब्द आणि हेच आकडे ठेवायचे.

> यूपीआय कॅशबॅक आठवडा
> सोमवार ६ जुलै सकाळी ९ ते रविवार १२ जुलै रात्री ९
> यूपीआयने ₹३०० किंवा जास्त भरा, ५% परत. एका बिलाला जास्तीत जास्त ₹४०.
> रोज पहिल्या २० बिलांना. एका मोबाईल नंबरला दिवसातून एकदा, आठवड्यात दोनदा.
> साखर, तेलाचा डबा, तंबाखू-सिगारेट आणि रिचार्ज धरले जात नाहीत. ते सोडून ₹३०० व्हायला हवेत.
> पैसे त्याच रात्री १० पर्यंत तुमच्या यूपीआयवर. रक्कम वरचे सुटे पैसे सोडून पूर्ण रुपयांत.
> माल परत केला तर त्यावरचा कॅशबॅक वजा होईल.
> कॅशबॅक घ्यायला पिन लागत नाही. कुणी पिन मागितला तर तो आमचा माणूस नाही.

यात एकही ओळ शोभेची नाही. प्रत्येक ओळ काउंटरवरचं एकेक भांडण टाळते. कोणती ओळ कोणतं भांडण टाळते, ते पुढे येईल.

“१०% पर्यंत कॅशबॅक! अटी लागू” एवढं लिहिलं तर काय बिघडतं?

“पर्यंत” या शब्दाने गिऱ्हाईक दुकानात येतं आणि त्याच शब्दावरून तंटा होतो. दहा टक्के कुणाला, किती बिलावर, कधी मिळणार हे त्यात नाही. “अटी लागू” म्हटलं की अटी कुठे आहेत, हा प्रश्न आलाच. त्या फक्त दुकानदाराच्या डोक्यात असतील, तर वाद झाल्यावर त्याने सांगितलेली प्रत्येक अट आत्ताच बनवल्यासारखी वाटते.

कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिली आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं त्यात येतं. जून २०२२ मध्ये केंद्राने जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांनुसार जाहिरातीचा दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा हवा, आणि त्याचं अक्षरही तेच हवं. म्हणजे वर ठसठशीत मराठीत “कॅशबॅक” आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे चालत नाही. आपल्याकडे कॅप्शन मराठीत असेल तर अटी मराठीत, आणि कन्नड कॅप्शन वेगळं केलं तर त्याखाली सगळ्या अटी कन्नडमध्ये. दोन्हींत आकडे तेच ठेवा. एकात ₹३०० आणि दुसऱ्यात चुकून ₹३५० पडलं, तर गिऱ्हाईक त्याला सोयीचं तेच दाखवणार, आणि ते त्याचं बरोबरच आहे.

टक्के, किमान बिल आणि कमाल रक्कम यांचा मेळ कसा घालायचा?

बहुतेक कॅप्शन फसतात ती इथेच, आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. “₹५०० वर १०%, जास्तीत जास्त ₹५०” हे वाक्य घ्या. पाचशेचे दहा टक्के पन्नास, आणि कमालही पन्नास. म्हणजे पाचशेला पन्नास, हजाराला पन्नास, दोन हजारालाही पन्नास. मग टक्के आहेत कुठे? ही सरळ “₹५०० च्या बिलाला ₹५०” अशी योजना आहे आणि तसंच लिहावं. टक्के लिहिल्याने हजाराचं बिल करणारा शंभराची आशा धरतो आणि पन्नास हातात पडले की तोंड वाकडं करतो.

टक्के ठेवायचे असतील तर किमान बिल आणि कमाल रक्कम यांत अंतर हवं. वरच्या कॅप्शनमध्ये ५%, किमान ₹३०० आणि कमाल ₹४० आहे. तीनशेला पंधरा मिळतात, चारशे साठला तेवीस, आठशेला चाळीस. आठशेच्या पुढे रक्कम वाढत नाही. म्हणजे तीनशे ते आठशे या टप्प्यात “अजून थोडं घेतलं तर अजून थोडं मिळेल” ही गोष्ट खरी असते. तुमच्या दुकानाची नेहमीची बिलं याच टप्प्यात येतील असे आकडे निवडा. चहापत्ती आणि बिस्किटं विकणाऱ्या दुकानाला ₹३०० किमान ठेवून उपयोग नाही, तिथे कुणी पात्रच होणार नाही. कापड दुकानाला ₹३०० ठेवलं तर सगळेच पात्र होतील.

कमाल रक्कम कितीच्या बिलाला गाठली जाते ते काढायची रीत सोपी आहे: कमाल रकमेला टक्क्यांनी भागा आणि शंभराने गुणा. चाळीस भागिले पाच म्हणजे आठ, गुणिले शंभर म्हणजे आठशे. हा आकडा तुमच्या किमान बिलाच्या दुप्पट ते तिप्पट आला तर योजना नीट बसली.

“₹३०० वर” असं लिहू नका, “₹३०० किंवा जास्त” लिहा. बरोबर तीनशेचं बिल घेऊन कुणीतरी येतंच. सुट्या पैशांचंही आधीच सांगून टाका. ३४७ चे पाच टक्के १७ रुपये ३५ पैसे होतात, आपण सतरा देणार. कॅप्शनमधल्या “पूर्ण रुपयांत” या दोन शब्दांनी ते काम होतं.

साखर आणि तेल का वगळायचं? गिऱ्हाईक चिडत नाही का?

चिडतं, पण आधी सांगितलेलं असेल तर कमी. साखरेत, तेलाच्या डब्यात किराणा दुकानदाराला फार थोडं सुटतं. त्यावर पाच टक्के दिले तर पदरचे जातात. सिगारेट आणि रिचार्जचंही तेच. साबण, मसाले, बिस्किटं, चहा यांत थोडी जागा असते.

अडचण येते ती वगळलेला माल आणि बाकीचा माल एकाच बिलात आल्यावर. नेहमीचा प्रसंग असा असतो. मावशींचं बिल ₹४२० झालं, त्यात तीन किलो साखर ₹१३५ ची. साखर सोडून उरले ₹२८५, म्हणजे पात्र नाही. “अण्णा, चारशे वीस झालेत की! तीनशेच्या वर आहे ना?” मावशींचं म्हणणं चुकीचं नाही, कॅप्शनमध्ये “ते सोडून ₹३००” हे शब्द नसतील तर. ते असतील तर बोट ठेवून दाखवता येतं आणि म्हणता येतं, “मावशी, पंधराच कमी पडतात, एक साबण घाला, बसतंय.” वीस रुपयांचा साबण घातला की पात्र रक्कम ₹३०५, कॅशबॅक पंधरा.

दुसरा नमुना: बिल ₹९४०, त्यात पाच किलो साखर ₹२२५. पात्र रक्कम ₹७१५, पाच टक्के ३५ रुपये ७५ पैसे, म्हणजे ३५. बिलाच्या पाठीवर “७१५ – ३५” एवढं लिहून द्या. रात्री पैसे पोचल्यावर “चाळीस का नाही?” असा फोन येत नाही.

वगळायच्या वस्तू तीन-चारच असाव्यात आणि नाव घेऊन लिहाव्यात. “निवडक वस्तूंवर” लिहिलं की निवड कुणी केली हा प्रश्न राहतोच.

रोज २० बिलांचीच मर्यादा कशासाठी? जास्त देता येणार नाहीत का?

पैसे तुम्ही कसे परत करता यावर ते आहे. दुकानदार बहुतेक वेळा आपल्या फोनवरून गिऱ्हाईकाच्या नंबरवर पैसे पाठवतो. हा व्यवहार व्यक्तीकडून व्यक्तीला होतो, आणि अनेक बँका एका खात्यातून असे दिवसाला वीसच होऊ देतात. एकविसावा पाठवायला गेलं की मर्यादा संपल्याचा संदेश येतो. रक्कम चाळीसच रुपयांची असली तरी मोजणी व्यवहारांची होते.

यात दोन खाचा आहेत. पहिली अशी, की त्याच खात्यातून तुम्ही दुधवाल्याला, टेंपोवाल्याला, मुलाच्या शिकवणीला पैसे पाठवले की तेही या वीसात मोजले जातात. म्हणून कॅशबॅकसाठी वेगळं खातं ठेवा आणि त्या आठवड्यात त्यातून दुसरं काही पाठवू नका. दुसरी खाच जास्त त्रासाची आहे. काही ठिकाणी दिवस रात्री बाराला बदलत नाही, शेवटच्या चोवीस तासांतले व्यवहार मोजले जातात. सोमवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात वीस पाठवले, तर मंगळवारी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक उभं असताना खातं अडतं आणि संध्याकाळी सहानंतर मोकळं होऊ लागतं. म्हणूनच कॅप्शनमध्ये “त्याच रात्री १० पर्यंत” आहे, “लगेच” नाही. रोज रात्री नऊला शटर ओढल्यावर एकदम सगळे पाठवायचे. रोजची वेळ तीच राहिली की दोन्ही प्रकारच्या मोजणीत अडत नाही. आदल्या रात्रीपेक्षा पाच मिनिटं उशिराच सुरू करा म्हणजे झालं.

आठवडा सुरू व्हायच्या आधी आपल्या बँकेत किंवा अ‍ॅपमध्ये मर्यादा विचारून घ्या. ती दहाच असेल तर कॅप्शनमध्ये दहा लिहा.

याच आकड्यावरून खर्चही बांधला जातो. वीस बिलं, सात दिवस, म्हणजे १४० बिलं. प्रत्येकाला कमाल ₹४० धरले तरी ₹५,६०० च्या पुढे जात नाही. बिलं सरासरी पाचशेची झाली तर पंचवीसप्रमाणे ₹३,५०० होतील. कॅशबॅकच्या खात्यात पहिल्याच दिवशी ₹५,६०० टाकून ठेवा.

“पहिली २०” संपली हे गिऱ्हाईकाला कसं कळणार?

काउंटरवर पाटी ठेवा. शाळेची साधी पाटी चालते. सकाळी “आज उरले: २०” आणि प्रत्येक पात्र बिलाला आकडा पुसून एक कमी. संपले की “आजचे संपले, उद्या सकाळी ९ ला”. पाटी रांगेतल्या माणसाला दिसेल अशी ठेवा, गल्ल्याच्या आत नको. पाटी नसेल तर एकविसाव्या माणसाला वाटतं की आपल्यालाच टाळलं. ओळखीच्या माणसासाठी दोन राखून ठेवणं तर अजिबात नको. गल्लीत ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

रोज नव्याने २० की आठवड्याची एकदम १४०?

रोज नव्याने. एकदम १४० ठेवले तर शनिवार-रविवारची गर्दी यायच्या आधीच ते संपू शकतात, आणि तारीख रविवारपर्यंतची जाहीर झालेली असते.

गिऱ्हाईक कोण, हे मोबाईल नंबरवरून कसं ठरवायचं?

ज्या नंबरच्या यूपीआयवरून पैसे आले, कॅशबॅक त्याच नंबरवर. एवढा एकच नियम धरा.

काउंटरवर असं करा. पैसे आले की नंबर विचारा, कॅशबॅकच्या फोनमध्ये टाका. स्क्रीनवर बँकेतलं नाव दिसतं, ते मोठ्याने वाचा. गिऱ्हाईकाने हो म्हटलं की वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, नंबरचे शेवटचे चार आकडे, नाव, पात्र रक्कम, कॅशबॅक. रात्री नंबर शोधत बसावं लागू नये म्हणून तो फोनमध्ये तसाच राहू द्या. नाव काउंटरवरच तपासायचं कारण सरळ आहे. एक आकडा चुकला तर पैसे परक्या माणसाला जातात आणि ते परत मिळण्याची खात्री नसते.

काही वेळा नंबर टाकला तरी नाव येत नाही. त्या नंबरवर यूपीआय जोडलेलं नसतं किंवा नंबरने पैसे घेण्याची सोय बंद असते. मग अ‍ॅपमधला यूपीआय आयडी विचारून घ्या.

म्हाताऱ्या आजींकडे यूपीआय नसतं, मुलाने घरून पैसे पाठवले. चालेल, कॅशबॅक मुलाच्या नंबरवर. एकाच घरातल्या दोघांचे दोन नंबर असले तर दोघंही पात्र. हे थांबवायला जाऊ नका. राशन कार्ड बघत बसणार का?

कॅशबॅकसाठी घेतलेले नंबर दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये परस्पर घालू नका. ग्रुपमध्ये घालायचं असेल तर वेगळं विचारा.

एका माणसाने ₹१,६०० चा माल दोन बिलांत मागितला तर?

त्याला हिशेब कळला आहे. एका बिलाला चाळीस, दोन बिलांना ऐंशी. म्हणूनच “दिवसातून एकदा” ही अट आहे. ती नसेल तर तो नियमाप्रमाणेच वागतोय आणि तुम्हाला ऐंशी द्यावे लागतील.

अर्धे रोख, अर्धे यूपीआय दिले तर?

यूपीआयने आलेली रक्कम धरा. ₹७०० च्या पात्र बिलात ₹४०० यूपीआयने आणि ₹३०० रोख आले, तर चारशेचे पाच टक्के, वीस रुपये. यूपीआयने ₹२५० च आले तर काही नाही. उधारी चुकती करायला यूपीआयने पैसे भरले तर ते नवं बिल नव्हे, त्यावर कॅशबॅक नाही. हा प्रश्न महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास येतो. तुमच्याकडे उधारी जास्त असेल तर कॅप्शनमध्ये “उधारीच्या वसुलीवर नाही” ही ओळ घाला.

क्रेडिट कार्डवरून यूपीआय केलं तर चालतं का?

दुकानाचा क्यूआर व्यापारी खात्याचा असेल तर यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डवरून पैसे येतात. घरगुती खात्याच्या क्यूआरवर ते येत नाहीत, आणि गिऱ्हाईकाला वाटतं दुकानदारच नको म्हणतोय. कॅशबॅक मात्र कार्डावर जात नाही, नंबरला जोडलेल्या बँक खात्यात जातो. एवढं सांगून ठेवा, नाहीतर कार्डाच्या बिलात तो शोधला जातो.

पैसे कापले गेले पण साउंडबॉक्स बोललाच नाही. हे बिल पात्र का?

पावसाळ्यात हा प्रश्न रोजचा. खानापुराच्या पुढे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर नेटवर्क ये-जा करतच असतं. गिऱ्हाईकाच्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आलेला असतो आणि दुकानात शांतता.

पहिलं काम, साउंडबॉक्सवर विसंबू नका. त्याचंही सिम असतं आणि त्यालाही रेंज लागते. व्यापारी अ‍ॅप उघडून व्यवहारांची यादी खाली ओढून ताजी करा. तिथे रक्कम दिसली तर पैसे आले, डबा बोलो न बोलो. दिसली नाही तर गिऱ्हाईकाच्या अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडायला सांगा. तिथे `Pending` किंवा `Processing` असेल तर व्यवहार मध्येच अडकलाय. `Failed` असेल तर कापलेले पैसे परत येतील. `Success` असेल तर १२ आकडी यूटीआर नंबर वहीत लिहून घ्या आणि पुन्हा यादी बघा.

अडकलेल्या व्यवहारावर घाईघाईने दुसऱ्यांदा पैसे भरायला लावू नका. बऱ्याचदा दहा मिनिटांनी दोन्ही येतात आणि मग एक परत करण्याचं काम वाढतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला भरलेले पैसे गिऱ्हाईकाच्या खात्यातून जाऊन दुकानाला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने गिऱ्हाईकाला दिवसाला ₹१०० द्यायचे असतात. ही जबाबदारी बँकेची आहे. दुकानदाराने आपल्या गल्ल्यातून पैसे देऊन ते मिटवू नये.

कॅशबॅकपुरतं असं धरा: गिऱ्हाईकाने पैसे पाठवले ती वेळ मोजायची, आणि पैसे तुमच्या यादीत दिसल्यावर द्यायचं. रविवारी रात्री पावणेनऊला भरलेले पैसे सोमवारी सकाळी आले, तर ते बिल पात्र. वीसातला त्याचा आकडा पाटीवर त्याच वेळी कमी करून ठेवा.

आणि स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. हुबेहूब हिरवी टिकची स्क्रीन दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत, आणि कॅशबॅकच्या आठवड्यात ती जास्त निघतात, कारण खोट्या बिलावर खरे चाळीस मिळतात. तुमच्या यादीत रक्कम नाही, तोवर बिल झालं नाही.

पिनची ओळ कॅप्शनमध्ये हवीच का?

हवीच. दुकानाची योजना जाहीर झाली की कुणीतरी गिऱ्हाईकाला फोन करतो: “तुम्हाला अमक्या दुकानाचा कॅशबॅक लागलाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका.” पिन टाकला की पैसे जातात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन फक्त पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो. कुणी फसलं तर लगेच १९३० वर फोन करायला सांगा, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार. पहिल्या तासाभरात केली तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तुमच्या बाजूने एक काम: रोज सकाळी दुकान उघडल्यावर आपलाच क्यूआर दुसऱ्या फोनवर स्कॅन करून नाव बघा. त्यावर कुणी दुसरा स्टिकर चिकटवला असेल तर तिथेच कळतं.

माल परत आला तर कॅशबॅकचं काय?

उरलेल्या मालावर पुन्हा हिशेब मांडा आणि फरक कापा. ₹८०० चं पात्र बिल, चाळीस दिले. दुसऱ्या दिवशी ₹३०० चा माल परत आला. उरले ₹५००, त्यावर पंचवीस बसतात. पंधरा जास्त गेलेत. म्हणून ३०० मधून १५ वजा करून ₹२८५ परत करा. ₹६०० चा माल परत आला तर उरले ₹२००, किमानाच्या खाली. अख्खे चाळीस वजा, ₹५६० परत. माल तुमच्याकडचाच खराब निघाला असेल तर मात्र कापाकापी करू नका, पूर्ण पैसे द्या. चाळीस रुपयांसाठी ते गिऱ्हाईक घालवू नये.

कॅशबॅकऐवजी सरळ बिलातच सूट दिली तर?

खरं सांगायचं तर बऱ्याच छोट्या दुकानांना तेच बरं. नंबर, वही, रात्रीचे वीस व्यवहार काहीच नको. फक्त मग त्याला “यूपीआय सूट” म्हणा. आणि “पुढच्या खरेदीवर ₹४०” असं कुपन देणार असाल तर तेही कॅशबॅक नव्हे. पैसे हातात परत आले तरच कॅशबॅक म्हणावं.

जीएसटीत फरक पडतो. विक्रीच्या वेळीच बिलात दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो. बिल ₹८०० चं करून रात्री चाळीस परत पाठवले तर साधारणपणे कर आठशेवरच राहतो आणि चाळीस तुमचा खर्च. नोंदणी असेल तर योजना सुरू करायच्या आधी हिशेब बघणाऱ्याला हे विचारा. व्यापारी अ‍ॅपमधलं `Refund` बटण कॅशबॅकसाठी वापरू नका. हिशेबात ते माल परत आल्यासारखं दिसतं.

यूपीआय वाढलं की नोटीस येते म्हणतात. खरं का?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून अनेक छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या होत्या, तेव्हापासून ही धास्ती आहे. मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा वर्षाला ₹४० लाख उलाढालीची आहे. त्यात रोख, यूपीआय, उधारी सगळं धरतात, यूपीआय बंद करून उलाढाल कमी होत नाही. दुकानाचे पैसे मुलाच्या किंवा बायकोच्या घरगुती क्यूआरवर घेणं मात्र बंद करा. विक्रीचे आणि घरचे पैसे एकत्र झाले की नंतर वेगळे काढून दाखवणं जड जातं. कॅशबॅकची वही जपून ठेवा, ₹५,६०० कुठे गेले ते त्यातूनच सांगता येतं.

रविवारी रात्री ९ नंतर काय करायचं?

पाटी पुसा, काउंटरवरचा कागद काढा, शेवटचे वीस पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, म्हणून आठवडाभर ते रोज सकाळी नव्याने लावावं लागतं. पण कुणीतरी त्याचा फोटो काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलेला असतो, तो महिनाभर फिरतो. पुढच्या महिन्यात चंदगडहून कुणी तो फोटो दाखवत आलं, तर त्यातली वार आणि तारखेची ओळच कामाला येते. म्हणून तारीख फोटोच्या खाली टाईप करू नका, फोटोतच मोठ्या अक्षरात घाला.